482 ताटं नेमकी कोणाची?

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी केटररचं बिल हातात पडतं तेव्हा घरात भाव आठवत असतो, म्हणजे ताटाला सहाशे रुपये ठरले होते हे. पण वाद भावावरून फारसा होत नाही. तो होतो ताटांच्या आकड्यावरून.

पुण्याकडच्या मंगल कार्यालयातल्या लग्नाचा नमुन्यादाखल एक हिशेब घेऊ. बुकिंगच्या वेळी चारशे ताटांची गॅरंटी दिली. गॅरंटी म्हणजे माणसं कमी आली तरी तेवढ्या ताटांचे पैसे द्यायचेच. लग्नाला चार दिवस असताना मुलीच्या काकांनी फोन करून आकडा साडेचारशेवर नेला. इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. त्या फोनबरोबर गॅरंटीही साडेचारशे झाली. चारशेवीसच पाहुणे आले असते तरी पैसे साडेचारशेंचेच लागले असते. केटरर भाजी, पनीर त्या आकड्यावर भरतो आणि वर थोडी वाढ धरून स्वयंपाक करतो, म्हणून हा नियम तसा रास्तच आहे. आकडा बदलला की तो व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवावा आणि समोरून होकार घ्यावा.

केटररच्या पहिल्या बिलात जेवणाची 482 ताटं होती, म्हणजे 2,89,200 रुपये. सकाळचा नाश्ता दीडशे माणसांचा, प्रत्येकी 120 प्रमाणे 18,000. विहिणीच्या पंगतीची सजावट आणि वाढप, भांड्यांचा टेम्पो आणि मुहूर्त लांबल्यामुळे वाढप्यांना द्यावे लागलेले जादा तासांचे पैसे मिळून 12,800. एकूण 3,20,000. त्यावर पाच टक्के ‘सर्व्हिस चार्ज’, आणि त्या सगळ्यावर पाच टक्के जीएसटी. बेरीज 3,52,800. आगाऊ दिलेले दोन लाख वजा जाता बाकी 1,52,800.

बुफेत माणसं मोजली जात नाहीत, ताटं मोजली जातात. जेवण सुरू होण्याआधी मांडलेली ताटं मोजायची, मधे आणलेली त्यात मिळवायची आणि शेवटी उरलेली कोरी ताटं वजा करायची. पंगतीत हे सोपं असतं, कारण मांडलेली पानं डोळ्यांसमोर असतात. बुफेत मात्र दुसऱ्यांदा जिलेबी घ्यायला येणारा पाहुणा सहज नवं ताट उचलतो. शिवाय केटररची स्वतःची माणसंही त्याच ताटांत जेवतात. या घरच्या एका भाच्याला ताटांपाशी उभं केलं होतं आणि मोजणीच्या चिठ्ठीवर केटररच्या मॅनेजरची सही घेतली होती. (असा भाचा मिळणं अवघडच, त्या दिवशी सगळ्यांना फोटोत यायचं असतं.) चिठ्ठीत सोळा ताटं वाढप्यांची आणि वीस लहान मुलांची निघाली. दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धा भाव हे करारात होतंच. म्हणजे 446 पूर्ण आणि 20 अर्धी ताटं, 2,73,600 रुपये. बॅंडवाले आणि फोटोग्राफर यांची ताटं मात्र यजमानांकडेच राहिली, आणि ते बरोबरच आहे. त्यांना जेवायला आपण बोलावलेलं असतं.

नाश्त्याला 112 माणसंच आली होती. तरी दीडशेचे पैसे द्यावे लागले, गॅरंटी तेवढी होती.

आता सर्व्हिस चार्ज. बुफेच्या ताटाच्या भावात वाढप्यांची मजुरी धरलेली आहे, असं कोटेशनमध्ये लिहिलं होतं. जादा तासांचे पैसे वेगळे लावलेलेच होते. मग हे सोळा हजार कशाचे? मॅनेजरकडे उत्तर नव्हतं, ओळ खोडली गेली. कोटेशनमध्ये ती ओळ असती, तर घरच्यांना फार बोलता आलं नसतं.

जीएसटीबाबत घरच्यांचाच एक मुद्दा चुकीचा होता. कर फक्त बाकी रकमेवर लावा, असं त्यांचं म्हणणं. कर पूर्ण बिलावर लागतो आणि आगाऊ रक्कम शेवटी वजा होते. मात्र आगाऊ पैसे घेताना त्यावर कर आधीच वसूल केला असेल, तर ती पावती दाखवावी. बिलावर जीएसटी नंबर आहे ना, तेही पाहावं. महाराष्ट्रातला नंबर 27 ने सुरू होतो. छोटा केटरर कंपोझिशन योजनेत असेल तर त्याला ग्राहकाकडून वेगळा कर घेता येत नाही.

सुधारलेलं बिल असं झालं: जेवण, नाश्ता आणि इतर मिळून 3,04,400, जीएसटी 15,220, एकूण 3,19,620. दोन लाख वजा जाता 1,19,620. पहिल्या बिलापेक्षा 33,180 रुपये कमी.

राहिले नाश्त्याचे अडतीस उपमे. त्यांचे पैसे दिले असल्याने ते यजमानांचेच होते, पण मागायला कुणी गेलं नाही, आणि दुपारपर्यंत केटररने पातेली घासायला टाकली.