सिंथेटिक ऑइल घेतलं तरी किलोमीटर कोण ठरवतं?

स्पेअर पार्टच्या दुकानात शंभर-सव्वाशे सीसीच्या मोटारसायकलसाठी ऑइल मागितलं की दुकानदार दोन डबे समोर ठेवतो. साध्या, म्हणजे मिनरल ऑइलचा डबा साधारण साडेतीनशे ते साडेचारशे रुपयांना मिळतो. फुल सिंथेटिकला लिटरमागे सातशे ते हजार पडतात. दुप्पट पैशांचं समर्थन बहुतेक वेळा एकाच वाक्यात होतं: ‘हे टाका, दुप्पट किलोमीटर चालेल.’ हे वाक्य मोटारसायकलच्या बाबतीत बरंचसं चुकीचं आहे. ते का चुकीचं आहे, हे कळलं तर कुठलं ऑइल घ्यायचं हा प्रश्न सोपा होतो.

मिनरल ऑइल कच्च्या तेलातून शुद्ध करून काढलेलं असतं. त्यात लहानमोठे, नाना आकारांचे रेणू असतात. इंजिन तापलं की हलके रेणू वाफ होऊन उडतात आणि काही रेणूंचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन चिकट गाळ तयार होतो. सिंथेटिकमधले रेणू चाळून घेतलेल्या धान्यासारखे एकसारखे असतात. त्यामुळे ते उष्णता जास्त सोसतं, कमी उडतं आणि गार इंजिनातही लवकर पसरतं. हा फायदा खरा आहे. मात्र ‘सिंथेटिक’ हा शब्द बाजारात सैलपणे वापरला जातो. कच्च्या तेलाच्याच घटकांवर हायड्रोजनची तीव्र प्रक्रिया करून बनवलेल्या तेलाला सिंथेटिक म्हणावं का, यावर मोबिलने कॅस्ट्रॉलविरुद्ध अमेरिकेत तक्रार केली होती. जाहिरातींचे वाद सोडवणाऱ्या तिथल्या संस्थेने १९९९ साली कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला. आज सिंथेटिक म्हणून विकलं जाणारं बरंच ऑइल याच प्रकारचं असतं आणि ते चांगलंही असतं. ‘सेमी सिंथेटिक’मध्ये मात्र सिंथेटिकचा वाटा किती, हे डब्यावरून कळत नाही.

आता ऑइल खराब कशाने होतं ते पाहू. उष्णतेने होणारी झीज हे त्यातलं एकच कारण, आणि सिंथेटिकचा खरा उपयोग तिथेच. बाकीची कारणं बाहेरून येतात. अर्धवट जळलेलं पेट्रोल, काजळी, आम्लं, पाण्याची वाफ आणि धूळ हे सगळं पिस्टनच्या बाजूने झिरपत ऑइलमध्ये उतरतं. आम्लं मारायला आणि काजळी तरंगत ठेवायला ऑइलमध्ये रसायनं घातलेली असतात. ती सिंथेटिकमध्येही खर्च होतातच.

मोटारसायकलमध्ये यात आणखी एक भर पडते. कारच्या गिअरबॉक्सला वेगळं ऑइल असतं. मोटारसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांचं काम त्याच लिटरभर ऑइलवर चालतं. तापल्यावर ऑइल फार पातळ होऊ नये म्हणून त्यात लांब साखळीचे पॉलिमर मिसळतात आणि गिअरचे दाते या साखळ्या तोडत राहतात. मग ऑइल पातळ होतं, गिअर अडखळत पडू लागतात, इंजिनाचा आवाज रुक्ष होतो. शिवाय शंभर सीसीच्या अनेक गाड्यांत कागदी ऑइल फिल्टरच नसतो. एक जाळी आणि फिरून कचरा बाजूला टाकणारा सेंट्रीफ्यूगल फिल्टर, एवढ्यावरच काम भागवलेलं असतं. अशा इंजिनात महाग ऑइल घालून ते दहा हजार किलोमीटर चालवणं म्हणजे कचरा तेवढे किलोमीटर आत फिरवणं. मी तसं करायला कोणालाही सांगणार नाही.

एक उदाहरण हिशोबासाठी घेऊ. पुण्यात राहणारा एक कामगार शंभर सीसीच्या गाडीवरून चाकणच्या कारखान्यात जातो. जाऊन-येऊन साठ किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे वर्षाला १८,००० किलोमीटर. गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून तो दर ३,००० किलोमीटरला चारशे रुपयांचं मिनरल ऑइल बदलतो. सहा वेळा बदलल्यावर खर्च होतो २,४०० रुपये. साडेआठशेचं सिंथेटिक ६,००० किलोमीटर चालवलं, तर तीन वेळा मिळून २,५५० रुपये. खर्च जवळपास सारखाच आणि गॅरेजच्या तीन फेऱ्या वाचल्या. पण समजा त्याच्या गाडीच्या पुस्तिकेतच साध्या ऑइलसाठी ६,००० किलोमीटर लिहिले आहेत आणि मध्ये ३,००० ला पातळी भरून घ्यायला सांगितलं आहे. काही कंपन्या असं सांगतात. मग वर्षाला तीन डबे आणि वरच्या भरणीसाठी आणखी एक, असे १,६०० रुपये पुरतात. म्हणून ऑइलची जात निवडण्याआधी पुस्तिकेतला आकडा वाचायला हवा. सिंथेटिक घेऊनही दर ३,००० ला बदललं, तर वर्षाला ५,१०० रुपये जातात आणि त्या जादा पैशांतून इंजिनाला फारसं काही मिळत नाही.

याच गाडीवर तीन किलोमीटरवरच्या शाळेत जाणाऱ्या शिक्षिकेची गोष्ट वेगळी आहे. किलोमीटर कमी होतात, पण इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होतं. आत साचलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. डिपस्टिकवरच्या ऑइलला पेट्रोलचा वास येतो, कधी ते दुधाळ दिसतं. अशा वापरात वर्षभरात ३,००० किलोमीटर झाले नाहीत तरी पुस्तिकेतली महिन्यांची मुदत पाळावी आणि साधं ऑइल वेळेवर बदलावं. ऑइल नुसतं काळं झालं म्हणून मात्र घाबरू नये. ते काजळी धरून ठेवतंय, म्हणजे आपलं काम करतंय. पुराच्या पाण्यात गाडी बुडाली असेल आणि ऑइल दुधाळ झालं असेल, तर इंजिन चालू न करता आधी ते काढून टाकावं.

डबा घेताना दोन गोष्टी बघाव्यात. ग्रेड पुस्तिकेतलाच घ्यावा: कुठे १०डब्ल्यू-३०, कुठे २०डब्ल्यू-५०. आणि गिअरच्या मोटारसायकलसाठी डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ लिहिलेलं असावं. हा क्लच ऑइलमध्येच बुडून काम करतो. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात. त्यांनी क्लच घसरतो, रेस वाढते पण गाडी ओढत नाही. स्कूटरचा क्लच कोरडा असल्याने तिला ‘एमबी’ चालतं. सील तुटलेला डबा परत करावा आणि ऑइल ओतून झालं की रिकाम्या डब्याला भोक पाडायला लावावं, म्हणजे त्यात बनावट ऑइल भरून विकता येणार नाही.

कारमध्ये हा वाद बराचसा मिटलेला आहे. नव्या पेट्रोल इंजिनांना ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० सारखं पातळ ऑइल लागतं आणि साध्या मिनरलपासून ते बनत नाही. टर्बो इंजिनात टर्बोच्या बेअरिंगची उष्णता सोसायला सिंथेटिकच हवं. कारचं ऑइल गिअरमध्ये दळलं जात नाही, त्याला चांगला फिल्टरही असतो, त्यामुळे १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष ही मुदत अनेक कंपन्या देतात आणि ती पाळता येते. जुन्या, मिनरलवर ठरवलेल्या कारला मात्र तिच्या पुस्तिकेतलं ऑइल पुरेसं आहे.

रोज घाट चढणारी, दिवसभर पार्सलं पोचवणारी किंवा दीडशे-दोनशे सीसीची तापणारी मोटारसायकल असेल तर सिंथेटिकवर पैसे जरूर घाला, पण मुदत पुस्तिकेतलीच ठेवा. आणि ऑइल कुठलंही असो, महिन्यातून दोनदा गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करून इंजिन काही मिनिटं चालू ठेवा, बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा आणि डिपस्टिक पुसून पातळी पाहा. एवढ्या छोट्या इंजिनात दोनशे मिली ऑइल कमी झालं, तर जवळजवळ पाव भाग गेलेला असतो.