तिरप्या अक्षरांखालचे पान

उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली की रजिस्ट्रीत तिची पाने तपासली जातात आणि हरकती निघतात. त्यांतली एक हरकत वकिलांच्या कारकुनांना तोंडपाठ असते: अमुक पानापासून तमुक पानापर्यंतची जोडपत्रे अंधुक आहेत, टाइप्ड कॉपी लावा. सर्वोच्च न्यायालयातही हाच रिवाज आहे. मग कचेरीतला टायपिस्ट ते पान समोर ठेवून अक्षर न अक्षर पुन्हा टाइप करतो आणि वकील त्याखाली ‘खरी प्रत’ म्हणून सही करतो. फिकट झेरॉक्स आणि उडालेली शाई हे या कामातले जुने शत्रू. त्यांच्या जोडीला आता एक नवा आला आहे. पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत मजकुरावरून गेलेला मोठा, राखाडी ‘कॉन्फिडेन्शियल’.

हा शब्द बहुतेक वेळा कोणी मुद्दाम काढलेला नसतो. तो वर्डच्या तयार साच्यातून येतो. मेनूतून वॉटरमार्क निवडला की वर्ड तो पानाच्या हेडरमध्ये एक चित्र म्हणून ठेवतो, त्याला PowerPlusWaterMarkObject असे नाव देतो, फिका राखाडी रंग आणि निम्मी पारदर्शकता देतो आणि त्याला मजकुराच्या मागे सरकवतो. ‘मागे’ हा तपशील महत्त्वाचा आहे. मूळ फाइलमध्ये मजकुराचे एकही अक्षर झाकलेले नसते. ते झाकले जाते नंतर, छापताना, झेरॉक्स काढताना आणि स्कॅन करताना.

म्हणून मुरलेला टायपिस्ट टाइप करण्याआधी विचारतो की हे पान फाइल म्हणून कोणाकडे आहे का. पीडीएफ वर्डमधून थेट बनवलेली असेल तर मजकूर निवडून कॉपी करता येतो आणि वॉटरमार्कची अक्षरे त्यात आलीच तर एका ठिकाणी वेगळी पडतात. मराठीत मात्र इथे एक खोडा असतो. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेले पत्र कॉपी केले की हाती अर्थहीन इंग्रजी चिन्हे येतात. पडद्यावर सुरेख मराठी दिसत असते, पण फाइलच्या पोटात मराठी नसतेच. अशा वेळी ती फाइल मोठी करून, स्वच्छ चित्र म्हणून वाचायला वापरायची.

हाती फक्त कागद असेल तर सगळे स्कॅनरवर ठरते. दुकानातली मशीन पुष्कळदा ‘ब्लॅक अँड व्हाइट’वर लावलेली असते, म्हणजे प्रत्येक ठिपका एकतर काळा नाहीतर पांढरा. राखाडीला तिथे जागाच नाही, त्यामुळे वॉटरमार्कचे काही तुकडे काळे होऊन मजकुरात मिसळतात. एकदा मिसळले की त्या फाइलमधून ते वेगळे काढता येत नाहीत. तेच पान ३०० डीपीआयवर आणि ‘ग्रेस्केल’मध्ये स्कॅन केले तर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ० ते २५५ अशा छटा शिल्लक राहतात.

हे आकडे एकदा मांडून पाहण्यासारखे आहेत. वर्डचा फिका राखाडी १९२ या छटेचा असतो. पांढऱ्या कागदावर, म्हणजे २५५वर, तो निम्म्या पारदर्शकतेने पडला की सुमारे २२४ उरतो. मजकुराची शाई ० च्या आसपास असते. दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरने हाच वॉटरमार्क मजकुराच्या वरून टाकला असेल तर त्याखालची काळी शाई फिकी होऊन ९६ पर्यंत येते. म्हणजे शाई फार तर ९६ आणि वॉटरमार्क २२४. दोघांमध्ये भरपूर अंतर आहे. मधोमध, १५०च्या जवळपास, रेघ मारली आणि तिच्या वरचे सगळे पांढरे केले की कॉन्फिडेन्शियल जातो आणि मजकूर राहतो. इमेजमॅजिक या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ते एका ओळीचे काम आहे:

```
magick pan.png -colorspace Gray -threshold 60% saaf.png
```

वॉटरमार्क लाल असेल तर काम आणखी सोपे. चित्राचा फक्त लाल घटक वेगळा काढला की लाल अक्षरे कागदाइतकीच उजळ दिसतात आणि काळा मजकूर जसाच्या तसा राहतो.

एवढे सोपे असते तर पुढचे लिहायचे कारण उरले नसते. हा हिशेब फाइलमधल्या रंगांचा आहे. कागदावर छापताना लेझर प्रिंटरकडे राखाडी शाई नसते, तो काळ्याच टोनरचे बारीक ठिपके विरळ पेरून राखाडीचा भास निर्माण करतो. स्कॅनरला त्यातला प्रत्येक ठिपका चांगला काळा दिसू शकतो. शिवाय अक्षरांच्या कडा नेहमी थोड्या राखाडी असतात. वॉटरमार्क घालवायला रेघ खाली ओढावी तर बारीक शिरोरेषा तुटतात, वेलांट्यांची टोके गळतात. मोबाइलवर काढलेल्या फोटोत हाताची सावली पडली असेल तर तो कोपरा अख्खा काळा होतो. म्हणून साफ केलेले चित्र ही मूळ पानाची जागा घेणारी गोष्ट नव्हे. टायपिस्टने पडद्यावर दोन्ही शेजारी-शेजारी ठेवायची आणि जिथे ती वेगळे बोलतात तिथे थांबायचे.

देवनागरीत ती कुठे वेगळे बोलतात हे ठरलेले आहे. पहिली जागा अनुस्वाराची. टोनरचा ठिपका नेमका शिरोरेषेवर बसला की ‘भाडे’चे ‘भांडे’ होते. हे हसून सोडून देता येते, पण आडनावात किंवा गावाच्या नावात उपटलेला अनुस्वार कोणाच्या लक्षातही येत नाही. ओळखायची खूण अशी: खरे अनुस्वार पानभर एकाच आकाराचे आणि शिरोरेषेपासून एकाच उंचीवर असतात, तर टोनरचे ठिपके जाळीसारखे ठरावीक अंतराने पडतात आणि ओळींमधल्या कोऱ्या जागेतही दिसतात. चित्र तीन-चारशे टक्के मोठे केले की जाळी स्पष्ट होते.

दुसरी जागा अक्षराच्या पोटातल्या रेघेची. वॉटरमार्कचे अक्षर तिरपे असल्यामुळे त्याच्या उभ्या दांड्याही तिरप्या होतात. दांडी स्वतः इतकी रुंद असते की तिचा घोटाळा होत नाही. घोटाळा करते तिची किनार. झेरॉक्स मशीन कडा उठावदार करते, आतला राखाडी भाग उडतो आणि कडेची बारीक रेघ तेवढी उरते. ती ‘व’च्या पोटातून गेली की ‘ब’ तयार होतो आणि ‘प’मधून गेली की ‘ष’. कोर्टाच्या कागदात ‘वाद’ आणि ‘बाद’ यांत किती अंतर आहे हे सांगायला नको. इथे उपाय एकच, ती रेघ अक्षराच्या बाहेर कुठे जाते ते पाहायचे. वॉटरमार्कची किनार खालच्या आणि वरच्या ओळीतही त्याच तिरक्या दिशेने पुढे गेलेली सापडते. ‘ब’ची रेघ ‘ब’मध्येच संपते.

एक पान घेऊन हे पाहू. समजा, कर्जमंजुरीचे पत्र आहे. रक्कम ६,००,००० रुपये, व्याज वार्षिक १२ टक्के, ६० मासिक हप्ते. हप्त्याच्या आकड्यावरून वॉटरमार्कची दांडी गेली आहे: १३,३ दिसतो, शेवटचा ७ दिसतो, मधल्या आकड्याचा फक्त वरचा भाग दिसतो. वर दोन उघडी टोके आहेत, त्यामुळे तो ४ असेल किंवा ५. खाली तक्त्यात ‘एकूण परतफेड ८,००,८२०’ असे स्वच्छ छापलेले आहे. १३,३४७ला ६०ने गुणले की बरोबर ८,००,८२० येतात, १३,३५७ धरले तर ८,०१,४२०. व्याजाच्या सूत्रानेही हप्ता १३,३४७च निघतो. मग ४ टाइप करायचा, पण पुढे चौकोनी कंसात प्रश्नचिन्ह ठेवून, आणि तळटीपेत लिहायचे की आकडा अंशतः झाकलेला असून एकूण रकमेवरून पडताळला आहे. गणिताने दिसणाऱ्या भागाला दुजोरा दिला, असा त्याचा अर्थ. त्या जागी काहीच दिसत नसते तर गणित कितीही जुळले तरी ‘[वाचता येत नाही]’ असेच लिहायला हवे होते. कारण मूळ पत्रातच चूक असू शकते, आणि खटला कदाचित त्याच चुकीवरून चालू असेल.

त्याच पत्रात खाली एक अट आहे: ‘हप्ता ठरलेल्या तारखेस भरल्यास दंडव्याज आकारले जाईल.’ अनुभवी माणूस इथे न थांबता ‘न भरल्यास’ टाइप करून मोकळा होईल, आणि धोका नेमका तोच आहे. अर्थ लागला की डोळा पुढे जातो. खरे तर पाहायची आहे ती जागा. ‘तारखेस’ आणि ‘भरल्यास’ यांमधले अंतर त्या ओळीतल्या इतर दोन शब्दांमधल्या अंतराशी ताडून पाहायचे. ते तेवढेच असेल तर मूळ मजकुरातच ‘न’ नाही आणि ती चूक तशीच टाइप करायची. अंतर दुपटीहून जास्त असेल आणि राखाडी पट्ट्यात शिरोरेषेचा एक सुटा तुकडा दिसत असेल, तर तिथे एका अक्षराचा शब्द आहे. मराठीत ‘न’, ‘व’ आणि ‘ही’ हे एवढेसे शब्द सुटे उभे असतात, आणि वॉटरमार्कच्या एका दांडीखाली ते पूर्ण मावतात.

संशयित अक्षर कसे दाखवायचे हा प्रश्न शिलालेख वाचणाऱ्यांनी फार पूर्वी सोडवला. १९३१ साली लायडन इथे जमलेल्या अभ्यासकांनी खुणा ठरवल्या: अर्धवट दिसणाऱ्या अक्षराखाली टिंब, पूर्ण गेलेल्या मजकुरासाठी चौकोनी कंस. टाइप्ड कॉपीत टिंबांची भानगड नको, पण त्यामागचा भेद जसाच्या तसा घ्यावा. ‘थोडे दिसते’ आणि ‘काहीच दिसत नाही’ यांना एकच खूण वापरली की वाचणाऱ्याला काय धरून चालायचे ते कळत नाही.

वॉटरमार्कचा शब्द स्वतः मजकुराच्या मध्ये टाइप करायचा नसतो, पण गाळायचाही नसतो. प्रतीच्या डोक्यावर एकदाच लिहायचे: ‘मूळ पानावर तिरप्या अक्षरांत “कॉन्फिडेन्शियल” असे छापलेले आहे.’ तो गाळला तर कागद गोपनीय होता ही माहितीच प्रतीतून नाहीशी होते, आणि ‘खरी प्रत’ या शब्दांवर सही करणारा वकील अडचणीत येतो.

शेवटची रुजवात टाइप करणाऱ्याने स्वतः घेऊ नये. त्याला मजकूर पाठ झालेला असतो. दुसऱ्याने मूळ पान हातात घेऊन मोठ्याने वाचायचे आणि टायपिस्टने प्रतीवर बोट ठेवून ऐकायचे. आकडे ‘तेरा हजार तीनशे सत्तेचाळीस’ असे वाचायचे नाहीत. ‘एक, तीन, तीन, चार, सात’ असे सुटे वाचायचे. त्यानंतर राखाडी पट्टा ज्या ओळींवरून गेला आहे तेवढ्याच ओळी पुन्हा, यावेळी खालून वर. क्रम उलटला की वाक्याचा अर्थ मदतीला येत नाही आणि प्रत्येक शब्द पाहूनच वाचावा लागतो. त्यानंतरही जे कंस उरतील त्यांची यादी पत्र देणाऱ्या कार्यालयाकडे पाठवून स्वच्छ प्रत मागायची, आणि ती येईपर्यंत कंस तसेच ठेवायचे.