गाडी गेली, तरी रूळ लाल

कंट्रोल ऑफिसातल्या तक्त्यावर आडव्या बाजूला वेळ असते आणि उभ्या बाजूला स्थानकं. धावती गाडी तिथे तिरकी रेघ होते, उभी गाडी आडवी. आपल्या गोष्टीतला सेक्शन कंट्रोलर रात्रपाळीत अशाच रेघा बघत बसलेला आहे. (गोष्ट कल्पित आहे, त्यातला दोष मात्र सिग्नल खात्यातल्या कुणालाही ओळखीचा वाटेल.) एका मधल्या स्थानकाच्या होम सिग्नलबाहेर त्याला एक बारीकशी आडवी पायरी खटकते. एक्सप्रेसच्या मागची मालगाडी तिथे सहा मिनिटं उभी. काल होती, परवाही होती.

"मास्तर, मालगाडी होमला का उभी केलीत?"

"साहेब, लूप भरलेली आहे आणि मेन लाइन लाल दाखवतेय. एक्सप्रेस केव्हाच गेली, पण ट्रॅक क्लिअर होईना. थांबा... हा बघा, झाला आपोआप."

हे 'आपोआप'च वाईट. सिग्नलचा माणूस बॅटरी घेऊन पोचेपर्यंत सगळं सुरळीत असतं आणि रजिस्टरमध्ये शेरा पडतो: तपासले, ठीक आढळले.

कंट्रोलरने सिग्नलवाल्यांकडून डेटा लॉगरच्या नोंदी मागवल्या. स्थानकातला प्रत्येक रिले कधी पडला, कधी उचलला, याची वेळ हे यंत्र सेकंदाच्याही बारीक भागापर्यंत टिपून ठेवतं. एरवी शेवटचं चाक बाहेर पडल्यावर दोन-तीन सेकंदांत रूळ मोकळा दिसायचा. या रात्रींना चार, सहा, एकदा तर नऊ मिनिटं लागलेली. सगळ्या नोंदी अडीचच्या आसपासच्या होत्या, म्हणून आधी त्याला वाटलं की दोष वेळेचा आहे, बहुधा रात्रीच्या दवाचा. पण चौथ्या रात्री एक्सप्रेस पावणेदोन तास उशिरा आली आणि उशीरही तिच्यामागून सव्वाचारला सरकला. म्हणजे संबंध घड्याळाशी नव्हता, गाडीशी होता. पाचव्या रात्री तीच गाडी वेळेवर आली, गेली, आणि रूळ दोन सेकंदांत मोकळा झाला. त्या रात्री वेगळं काय होतं?

"पंप बंद होता साहेब," मास्तर म्हणाले, "गाडीला पाणी भरलंच नाही."

इथे रुळांची वीज समजून घ्यायला हवी. दोन रुळांमधून अगदी कमी दाबाचा प्रवाह सोडलेला असतो आणि दुसऱ्या टोकाला तो एका रिलेला उचलून धरतो. गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात, प्रवाह मधूनच परत फिरतो, रिले पडतो आणि लाइन 'व्यापलेली' दिसते. खडी चिखलाने भरलेली आणि ओली असेल तर प्रवाह तिच्यातूनही झिरपतो. म्हणूनच स्थानकाच्या हद्दीत खडीचा रोध किलोमीटरला किमान 2 ओहम असावा, असा भारतीय रेल्वेचा दंडक आहे. डब्यांत पाणी भरताना ओघळणारं पाणी फलाटालगतच्या तुंबलेल्या खडीत साचलं, की हा रोध घसरतो.

मग रूळ गाडी येण्याआधीच लाल का होत नव्हता? कारण रिलेला उचलायला जास्त प्रवाह लागतो आणि उचललेला धरून ठेवायला कमी. आदल्या गाड्यांचं थोडंफार पाणी मुरलं असलं तरी रिले तग धरून होता. एक्सप्रेसने त्याला पाडलं, त्याच वेळी खडी भिजली, आणि ती गेल्यावर उरलेला प्रवाह त्याला पुन्हा उचलायला पुरेना. पाणी निथळेपर्यंत थांबावंच लागलं. पाऊस मात्र सगळ्या यार्डात सारखाच पडतो, त्यामुळे पावसाळ्यात हा माग इतका स्वच्छ दिसला नसता.

या बिघाडात गाड्यांचा खोळंबा होतो, अपघात नाही. यंत्रणा चुकते ती सुरक्षित बाजूला. धोका आहे तो सोप्या उपायात. रुळांतला प्रवाह वाढवून ठेवला तर रिले झटकन उचलतो, पण खडी सुकल्यावर तोच प्रवाह जास्त होतो आणि गाडी उभी असतानाही रिले न पडण्याची भीती राहते. तेव्हा मोकळी दिसणारी लाइन मोकळी नसते. म्हणून प्रवाहाला हात लावला की दोन रुळांवर अर्ध्या ओहमचा रोध ठेवून रिले पडतो ना, हे तपासावंच लागतं.

कंट्रोलरने चिठ्ठी सिग्नल खात्याइतकीच इंजिनियरिंगलाही पाठवली: गटार मोकळं करा, फलाटाकडची खडी चाळा. काम व्हायला तीन आठवडे लागले. त्यानंतरच्या रात्री एक्सप्रेसने पाणी भरलं, ती निघाली आणि दोन सेकंदांत रूळ मोकळा झाला. मालगाडीची रेघ न थांबता पुढे गेली. पाण्याच्या पाइपाचा व्हॉल्व्ह मात्र अजून गळतोच आहे.