साखरझोपेतला गजर

पहाटेच्या झोपेला आपण साखरझोप म्हणतो, आणि स्वप्नांच्या दृष्टीने हा शब्द अगदी नेमका आहे. आपली झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी पुढे सरकते. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त असते. पहाटेकडे ‘रेम’ नावाच्या झोपेचा वाटा वाढत जातो. तिच्यात शरीराचे स्नायू सैल पडलेले असतात, पापण्यांखाली डोळे मात्र भराभर हलतात, आणि सर्वांत रंगीत, गोष्टीसारखी स्वप्नं इथेच पडतात.

त्या स्वप्नातच ‘अरे, हे स्वप्न आहे’ असं उमगणं म्हणजे ल्युसिड ड्रीम, आपण त्याला सजग स्वप्न म्हणू. झोपलेला माणूस असा भानावर असू शकतो, यावर बराच काळ शास्त्रज्ञांचा विश्वास नव्हता. १९७५ साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी ॲलन वर्स्ली या स्वयंसेवकाबरोबर एक खूण ठरवली: स्वप्नात भान आलं की डोळे ठरल्याप्रमाणे डावीकडे-उजवीकडे फिरवायचे. रेममध्ये हातपाय हलत नाहीत, डोळे हलतात, म्हणून ही खूण. यंत्रावर ती उमटली तेव्हा वर्स्ली खरोखर झोपेत होते. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डच्या स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच दाखवलं आणि सजग स्वप्न पाडण्याची एक पद्धतही बसवली. ती आजही वापरली जाते.

समजा, तुम्ही रात्री अकराला झोपता आणि सातला उठता. गजर चारचा लावायचा, म्हणजे पाच तास झोप झालेली असते आणि पुढचा रेमचा मोठा तुकडा शिल्लक असतो. गजर झाला की लगेच कूस बदलायची नाही, डोळे उघडायचे नाहीत. नुकतंच पडलेलं स्वप्न शेवटाकडून मागे आठवत जायचं, कारण हालचाल केली, कालच्या कामाचा विचार आला, की ते विरतं. मग उशाशी ठेवलेल्या वहीत चार शब्द खरडायचे. ‘शाळेचा जिना, ओला, आजी तरुण’ एवढंही पुरतं. काही मिनिटांनी पुन्हा आडवं व्हायचं आणि मनात म्हणायचं, ‘पुढच्या वेळी स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न आहे हे मला आठवेल.’ त्याच जिन्यावर आपण पुन्हा उभे आहोत, तरुण आजी दिसताच स्वप्न ओळखतो आहोत, असं डोळ्यांसमोर आणत झोपायचं.

इथेच खरी अडचण आहे. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड विद्यापीठाच्या डेनहोम ॲस्पी यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे सगळं, शिवाय दिवसा ‘मी आत्ता स्वप्नात आहे का?’ ही तपासणी, आठवडाभर करणाऱ्यांना सुमारे १७ टक्के प्रयत्नांत यश आलं. पण मंत्र म्हटल्यावर पाच मिनिटांत ज्यांचा डोळा लागला, त्यांच्यात ते जवळजवळ ४६ टक्के होतं. यशस्वी झालेल्यांना दुसऱ्या दिवशी झोप अपुरी झाल्याची तक्रारही अयशस्वी लोकांपेक्षा कमी होती. मला यातून हेच दिसतं, की झोप बिघडवतं ते स्वप्न नव्हे, चारचा गजर आणि त्यानंतर ताटकळत जागं राहणं. ज्याला पटकन झोप येते, त्याचं फारसं जात नाही. जो ‘आज जमलंच पाहिजे’ म्हणत पाऊणतास छताकडे पाहतो, त्याची साखरझोपच जाते, आणि स्वप्न तर तिच्यातच पडायचं असतं.

नुसतं स्वप्न आठवण्यालाही जागेपणाची थोडी किंमत असते. फ्रान्समधल्या लिऑनच्या संशोधकांना स्वप्नं वारंवार आठवणारी माणसं रात्री एकूण अर्धा तास जागी आढळली, क्वचित आठवणारी सुमारे पाव तास. हे जागणं इतकं तुटक असतं की सकाळी ते ध्यानातही नसतं. म्हणून वही सकाळी उठल्यावर भरणं सर्वांत सुरक्षित. तिच्यासाठी झोपमोड करावी लागत नाही.

चारचा गजर मी आठवड्यातून एखाद-दोन रात्रींपुरताच, दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तेव्हा लावायला सांगेन. सहाच्या लोकलसाठी उठणाऱ्याने तो लावूच नये. ज्यांना निद्रानाश आहे, बायपोलर आजार आहे किंवा भास होण्याचा इतिहास आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा सराव सुरू करू नये. बायपोलरमध्ये झोप तुटण्यानेही उन्मादाचा झटका येऊ शकतो. या सरावात कधी जाग आल्यावर अंग हलत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. तो रेममधला स्नायूंचा सैलपणा जागेपणात रेंगाळलेला असतो आणि थोड्याच वेळात ओसरतो. पण तो वारंवार होऊ लागला, दुपारी कामात डुलकी येऊ लागली किंवा गजर नसतानाही रोज चारला डोळे उघडू लागले, तर गजर काढून टाकायचा आणि झोप पूर्ववत होईपर्यंत पुन्हा लावायचा नाही. वही चालू ठेवायला हरकत नाही.