गुणगुण टायरची की बेअरिंगची?

गाडी पन्नाशीच्या पुढे गेली की तळातून घुमणारा आवाज सुरू होतो. वेग वाढला की तो वाढतो, ऐंशीच्या आसपास डोक्यात भरतो आणि गाडी हळू झाली की विरून जातो. मागे बसलेले म्हणतात आवाज मागून येतोय, पुढचे म्हणतात पुढून. गॅरेजमध्ये यावर बहुतेक वेळा दोनच उत्तरं मिळतात. एक तर टायर गेले, नाही तर बेअरिंग गेलं. चार टायर आणि एक बेअरिंग यांच्या खर्चात मोठा फरक आहे, आणि धोक्यात त्याहून मोठा. घासलेला टायर आवाज करत काही महिने चालतो. बिघडलेलं बेअरिंग मात्र आतून झिजतच जातं, आणि त्याच बेअरिंगवर चाक उभं असतं.

दोघांचे आवाज इतके सारखे का, ते आधी पाहू. आजच्या बहुतेक मोटारींच्या पुढच्या चाकात पोलादी गोळ्यांच्या दोन रांगा असलेलं बंद बेअरिंग असतं. आतलं कडं हबबरोबर फिरतं, बाहेरचं कडं नकलमध्ये घट्ट दाबून बसवलेलं असतं आणि दोन्हींच्या मध्ये गोळ्या ग्रीसमध्ये घरंगळत असतात. खड्ड्यात चाक जोरात आदळलं की कड्याच्या गुळगुळीत वाटेवर बारीक खळगा पडू शकतो. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी वारंवार गेली की सीलमधून पाणी आत शिरतं, ग्रीस खराब होतं आणि पोलाद गंजतं. मग त्या वाटेवरून पोलादाचे कपचे सुटतात. प्रत्येक गोळी त्या खड्ड्यावरून जाताना ठेच खाते. चाक सेकंदाला दहा-बारा फेरे घेत असताना अशा ठेचा इतक्या भराभर पडतात की त्यांचा एकसलग घूंकार होतो. टायरचंही तेच आहे. नक्षीचे ठोकळे वर-खाली झिजले की प्रत्येक ठोकळा रस्त्यावर आपटतो आणि त्याचीही गुणगुण होते. दोन्ही आवाज चाकाच्या वेगाशी बांधलेले, म्हणून कान फसतो.

गाडी चालवतानाच काही खुणा मिळतात. मोकळ्या, सरळ रस्त्यावर वेग असताना क्षणभर गिअर न्यूट्रल करावा. इंजिन मात्र बंद करायचं नाही, कारण मग ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात. इंजिनचे फेरे उतरूनही आवाज तसाच राहिला तर तो चाकांकडचा, असं धरायला हरकत नाही. नंतर रस्त्याकडे लक्ष द्यावं. काँक्रीटच्या रस्त्यावर पकड राहावी म्हणून पृष्ठभागावर बारीक रेघा ओढलेल्या असतात. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर धडधाकट गाडीचे टायरही त्यामुळे गातात. काँक्रीट संपून डांबर लागलं की टायरचा आवाज लगेच बदलतो. बेअरिंगचा आवाज रस्ता बदलला तरी जवळपास तसाच राहतो.

तिसरी खूण वळणाची. गाडी उजवीकडे वळते तेव्हा वजन डाव्या चाकांवर जातं. त्या वेळी आवाज चढला आणि डावीकडे वळताना उतरला, तर संशय डाव्या बाजूवर. ही खूण उपयोगी आहे, पण पुरावा म्हणून पुरेशी नाही. बेअरिंगमध्ये दोन रांगा असतात, आणि कोणत्या रांगेची वाट खराब झाली आहे त्यावर आवाज उलटही वागू शकतो. त्यामुळे केवळ कानावर विसंबून बेअरिंग बदलणं मला पटत नाही. चाक वर उचलून पाहायलाच हवं.

माझ्या मामेभावाची हॅचबॅक आहे, सहा वर्षं वापरलेली. सातारा-पुणे असं त्याचं जाणं-येणं. गुणगुण सुरू झाल्यावर एका गॅरेजने मागच्या टायरवर हात फिरवायला लावला. हात एका दिशेने फिरवला की टायर गुळगुळीत लागत होता आणि उलट फिरवला की करवतीच्या दात्यांसारखा बोचत होता. ही झीज खरी होती आणि असे टायर आवाज करतात हेही खरं, म्हणून गॅरेजने चारही टायर बदलायला सांगितलं. पण त्याच्या सांगण्यात एक गोष्ट खटकत होती. उजव्या वळणावर आवाज स्पष्ट चढतो, असं तो म्हणत होता. गाडी सरळ असताना आणि वळताना मागच्या टायरच्या आवाजात इतका फरक सहसा पडत नाही. म्हणून टायर घेण्याआधी आम्ही जॅक लावायचं ठरवलं.

जागा सपाट आणि पक्की हवी. मातीत किंवा उतारावर जॅक लावू नये. पुढचं चाक तपासायचं असेल तर हँडब्रेक ओढावा, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड किंवा ठोकळे लावावेत आणि गिअर न्यूट्रल ठेवावा, म्हणजे उचललेलं चाक हाताने फिरेल. मागचं चाक तपासताना उलट करायचं: हँडब्रेक सोडायचा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवायची आणि ठोकळे पुढच्या चाकांना लावायचे. जॅक कंपनीने दाखवलेल्या खाचेतच बसवावा, टायर जमिनीपासून चार-पाच सेंटिमीटर सुटला की थांबावं. गाडीबरोबर येणारा जॅक टायर बदलण्यापुरता असतो. अंगाचा कोणताही भाग गाडीखाली जाता कामा नये. स्टँड असेल तर लावावा, नसेल तर निदान स्टेपनी आडवी करून दाराखालच्या कडेखाली सरकवावी.

आता दोन हातांनी टायर वर आणि खाली धरा, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी. वरचा हात आत ढकला, खालचा बाहेर ओढा, मग उलट. झटके नकोत, ठाम पण मोजका जोर हवा, नाहीतर गाडीच जॅकवर हलेल. बेअरिंगच्या दोन रांगांत अंतर जेमतेम काही सेंटिमीटरचं असतं, तर टायरच्या वरच्या आणि खालच्या काठात अर्ध्या मीटरहून जास्त. त्यामुळे आतला केसभर ढिलेपणाही टायरच्या काठावर अनेक पटींनी मोठा होऊन हाताला कळतो. चांगल्या बंद बेअरिंगमध्ये हाताला अजिबात प्ले लागत नाही. टक-टक लागली तर काहीतरी सैल आहे.

पण ते सैल काय आहे? खालचा बॉल जॉइंट झिजला तरी चाक असंच हलतं. इथे दुसरा माणूस लागतो. त्याला ब्रेक पाय दाबून धरायला सांगा आणि चाक पुन्हा हलवा. ब्रेक दाबला की डिस्क आणि नकल एकमेकांना जखडले जातात, बेअरिंगला हलायला वाव राहत नाही. प्ले नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा. तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शनचा दुसरा कुठला सांधा. नंतर हात तीन आणि नऊच्या जागी ठेवून हलवा. वर-खाली चाक घट्ट होतं आणि फक्त या दिशेने हललं तर संशय टाय रॉड एंडवर किंवा स्टिअरिंग रॅकवर जातो. दोन्ही दिशांनी हललं तर पुन्हा बेअरिंगकडे बोट जातं.

मामेभावाच्या गाडीत डावं पुढचं चाक कुठल्याच दिशेने हललं नाही. अनेक तपासण्या नेमक्या इथेच थांबतात. प्ले नाही म्हणजे बेअरिंग चांगलं, असा निष्कर्ष निघतो आणि टायरचं बिल होतं. बंद बेअरिंगमध्ये गुणगुण आधी येते आणि प्ले बऱ्याचदा खूप उशिरा. गोळ्यांची वाट खडबडीत झालेली असली तरी सगळं अजून घट्टच असतं.

म्हणून पुढची पायरी फिरवण्याची. एकाने चाक हाताने जोरात फिरवायचं. दुसऱ्याने त्याआधीच चाकाच्या वरच्या कमानीतून सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर बोटं टेकवून ठेवायची, टायरपासून दूर. सैल बाही, ओढणी, पदर आधीच आवरून घ्यावा. बेअरिंगमधली खरखर नकलमधून स्ट्रटमध्ये आणि तिथून स्प्रिंगमध्ये उतरते. कानाला काही ऐकू आलं नाही तरी बोटांना कळते. उजव्या चाकाची स्प्रिंग शांत होती. डाव्या चाकाच्या स्प्रिंगमध्ये वाळूवरून काहीतरी घरंगळल्यासारखी बारीक थरथर लागली. दोन्ही बाजू तपासून तुलना केली म्हणूनच फरक नक्की झाला. ब्रेक पॅड डिस्कला हलकं घासल्याचा, प्रत्येक फेऱ्याला एकदा येणारा शूं-शूं आवाज यात धरू नये. तो चालतो.

या परीक्षेलाही मर्यादा आहे. वर उचललेल्या चाकावर गाडीचं वजन नसतं, त्यामुळे नुकतंच बिघडू लागलेलं बेअरिंग हातावर गप्प बसतं. चारही चाकं शांत लागली आणि गुणगुण चालूच असेल, तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून पाहा. आवाजाची जागा किंवा सूर बदलला तर तो टायरचा. इंजिन चालू करून, गिअर टाकून एक चाक हवेत फिरवणं मात्र घरी कधीही करू नये. दुसरं चाक जमिनीवर थांबलेलं असताना डिफरन्शिअलमुळे उचललेलं चाक मीटर दाखवतो त्याच्या दुप्पट वेगाने फिरतं आणि गाडी जॅकवरून निसटू शकते.

मामेभावाने फक्त डावं बेअरिंग बदललं. नवं बेअरिंग नकलमध्ये प्रेसने, बाहेरच्या कड्यावर दाब देऊन बसवावं लागतं. हातोड्याने ठोकलं किंवा दाब आतल्या कड्यावर दिला तर तो गोळ्यांतून जातो आणि नव्या बेअरिंगवर पहिल्याच दिवशी खळगे पडतात. एबीएस असलेल्या अनेक गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय कडं असतं. ती बाजू सेन्सरकडे नसेल तर डॅशबोर्डवर दिवा लागतो. एक्सलचा नट कंपनीने सांगितलेल्या टॉर्कलाच आवळायचा आणि तोवर गाडीचं वजन त्या चाकावर द्यायचं नाही. काढलेलं बेअरिंग उघडल्यावर बाहेरच्या कड्याच्या एका पट्ट्यात पोलादाचे कपचे उडालेले दिसले. घुमणारा आवाज गेला. चाळिशीला डांबरावर एक मंद कुजबुज उरली, ती मागच्या टायरची. ते टायर त्याने पुढे झिजेपर्यंत वापरले.

गुणगुण असून प्ले नसेल तर गॅरेज गाठायला थोडा वेळ मिळतो, पण तो महिन्यांत मोजू नका. प्ले हाताला लागला, वळणानंतर ब्रेकचा पाय नेहमीपेक्षा खोल जाऊ लागला किंवा गुणगुणीबरोबर एबीएसचा दिवा लागला, तर ती गाडी हमरस्त्यावर नेऊ नका. टो करून न्या, आणि काढलेलं जुनं बेअरिंग मेकॅनिककडून मागून स्वतः पाहा.