लग्न शून्य, मूल मात्र औरस

एका गृहस्थाने पहिली पत्नी हयात असताना, घटस्फोट न घेता, देवळात विधिपूर्वक दुसरे लग्न केले. त्यांना मुलगी झाली. पुढे ते मृत्युपत्र न करता वारले. मागे स्वकष्टाची नऊ एकर जमीन. आता या मुलीला काय मिळेल?

1955 च्या हिंदू विवाह कायद्यानुसार हे दुसरे लग्न शून्य, म्हणजे पहिल्या दिवसापासूनच निरर्थक. शून्यकरणीय लग्नाचे तसे नसते. समजा, संमती फसवून घेतली. तरी कोर्ट रद्द करीपर्यंत ते लग्न वैधच असते. फसवणूक कळल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो. कळल्यावरही राजीखुशीने एकत्र नांदले, तर तो हक्क जातो.

दोन्ही प्रकारांत मुलाला मात्र कलम 16 औरसच मानते. म्हणून पहिली पत्नी, तिचा मुलगा आणि ही मुलगी एवढेच वारस असतील, तर प्रत्येकी तीन एकर. दुसऱ्या स्त्रीला पत्नी म्हणून वारसा नाही.

मुलीचा हक्क आईवडिलांच्याच मालमत्तेत, काका-आजोबांच्या नव्हे. वडिलोपार्जित जमिनीचे काय? सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितले, की मृत्यूच्या आधी वाटणी झाली असती तर वडिलांना जे मिळाले असते, त्यात अशा मुलांना हिस्सा आहे. मात्र जन्माने ती सहहिस्सेदार होत नाहीत. वडील हयात असताना वाटणी मागता येत नाही.

हे सारे लग्नाचे विधी झाले असतील तरच. म्हणून लग्नाचे फोटो, साक्षीदारांची नावे आणि वडिलांचे नाव असलेला जन्मदाखला जपून ठेवावा.