एकच काम, दोन चलने

परदेशी ग्राहकासाठीचे दरपत्रक रुपयांतील दराला केवळ विनिमयदराने भागून तयार होत नाही. दोन्ही दरांचा पाया मात्र कामाचे तास आणि ताशी दर हाच असावा लागतो. पुण्यातील एखाद्या संकेतस्थळ-रचनाकाराने 40 तासांच्या कामाला ताशी 1,000 रुपये धरले, तर स्थानिक ग्राहकासाठी मूल्य 40,000 रुपये होते, आणि तो वस्तू व सेवा कराखाली नोंदणीकृत असल्यास त्यावर 18 टक्के कर लागतो. परदेशी ग्राहकाकडून, सेवा-निर्यातीच्या अटी पूर्ण असल्यास व हमीपत्र, म्हणजे कर न भरता निर्यात करण्यासाठी शासनाला दिलेले लेखी वचन, दाखल केलेले असल्यास, हा कर घ्यावा लागत नाही. परंतु रात्रीच्या बैठकांचे 6 तास वाढले, तर मूल्य 46,000 रुपये होते. हस्तांतर व चलनबदल यांत 5 टक्के जातील असे धरल्यास मागणी सुमारे 48,400 रुपयांची, आणि डॉलर 90 रुपयांना धरल्यास 540 डॉलरची करावी लागते. यातील चलनबदलाचा खर्च शुल्काच्या रकान्यात बहुधा दिसत नाही. बाजारातील दर व बँकेने प्रत्यक्ष दिलेला दर यांच्या फरकात तो दडलेला असतो. स्थानिक व परदेशी दरांत इतपत तफावत न्याय्य होय. ग्राहक श्रीमंत देशातला आहे एवढ्याच कारणाने केलेली वाढ तशी ठरत नाही. डॉलर 87 रुपयांवर उतरल्यास त्याच 540 डॉलरचे हाती सुमारे 44,600 रुपयेच येतात, म्हणून दरपत्रकावर 30 दिवसांची मुदत नोंदवावी.